दीडच्या वायरीत तांबं किती?

इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘दीडची वायर दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन-चार डबे येतात. सगळ्यांवर १.५ चौरस मिलिमीटर, ९० मीटर आणि ‘एफआर’ असं छापलेलं असतं. भावात मात्र चांगला फरक असतो. महागडी कंपनी नावाचे पैसे घेते, असं समजून आपण मधला डबा उचलतो. नावाचे पैसे असतातच, पण कॉइलच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा तांब्याचा असतो. तांबं किलोवर विकलं जातं आणि त्याचा भाव सगळ्या कारखान्यांना जवळपास सारखाच पडतो. म्हणून दोन कॉइलींच्या भावात मोठी तफावत दिसली, की पहिला प्रश्न विचारायचा तो आत तांबं किती ग्रॅम आहे हा. हा आकडा डब्यावर सहसा छापलेला नसतो, पण घरबसल्या काढता येतो. कसा, ते सविस्तर सांगतो. त्याआधी, तांबंच का, हे बघायला हवं. १९८०-८५च्या इमारतीत राहणाऱ्यांच्या भिंतींमध्ये अजून ॲल्युमिनियम असू शकतं आणि वायरिंग बदलायचं की नाही, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

तांबं आपल्याला बरंचसं बाहेरून आणावं लागतं, ॲल्युमिनियमचा कच्चा माल देशात भरपूर आहे. त्यामुळे एके काळी घरांमध्येही ॲल्युमिनियमची वायर सर्रास घातली गेली. ती ओळखायला सोपी. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून जुना बोर्ड उघडला, की आत चंदेरी रंगाची, एकच जाड तार असलेली वायर दिसते. जुने वायरमन तिला ‘एक-चाळीस’ किंवा ‘एक-ऐंशी’ म्हणायचे, म्हणजे १.४० किंवा १.८० मिलिमीटर व्यासाची एक तार. पहिली दीडची, दुसरी अडीचची.

ॲल्युमिनियम तांब्याच्या मानाने साधारण ६१ टक्के वीजवाहक आहे. त्यामुळे तेवढंच काम करून घ्यायचं तर तार एक पायरी जाड घ्यावी लागते. मानकाच्या तक्त्यात हे फार सुटसुटीत दिसतं. ॲल्युमिनियमच्या अडीचच्या वायरीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त १२.१ ओहम रोध चालतो आणि एकसंध तारेच्या तांब्याच्या दीडच्या वायरीलाही नेमका तेवढाच. ॲल्युमिनियमची चारची आणि तांब्याची अडीचची, दोघींना ७.४१. अशी जाड घेऊनही ॲल्युमिनियमची तार वजनाला तांब्याच्या निम्मीच भरते. रस्त्यावरच्या खांबांवरून जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या यामुळेच, आणि तिथे त्या उत्तम चालतात. म्हणजे वीज वाहून नेण्यात ॲल्युमिनियम कमी पडत नाही. घरात ते कमी पडतं ते स्क्रूखाली.

घरातल्या वायरिंगमध्ये दर काही फुटांवर एक जोड असतो. स्विच, सॉकेट, होल्डर, एमसीबी, प्रत्येक ठिकाणी तारेचं टोक पितळी स्क्रूखाली दाबलेलं असतं. ॲल्युमिनियम सोललं की त्यावर क्षणात ऑक्साइडचा पातळ, कडक थर बसतो आणि तो थर विजेला अडवतो. दुसरं असं, की लोड चालू झाला की तार तापते, फुगते, बंद झाला की आकसते. ॲल्युमिनियम पितळापेक्षा जास्त फुगतं आणि मऊ असल्यामुळे स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकून चपटं होतं. मग थंड झाल्यावर ते पहिल्याइतकं घट्ट बसत नाही. फट पडते, फटीत पुन्हा ऑक्साइड जमतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. कोकणासारख्या दमट हवेत त्यात गंजाची भर पडते. पितळ किंवा तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

आकड्यात पाहू. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. सॉकेटच्या मागच्या स्क्रूपाशी जोड ढिला होऊन तिथे फक्त ०.२ ओहम रोध तयार झाला, तर त्या एका स्क्रूपाशी १५ वॅट उष्णता निघते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंगचं लहान यंत्र २५ वॅटचं असतं आणि ते शिसं वितळवतं. हा स्क्रू तर बंद पेटीत, प्लॅस्टिकच्या प्लेटमागे आहे. शिवाय एमसीबी पडत नाही, कारण तिला ८.७ अँपिअरच दिसतात आणि ती १६ची आहे. वायर सोसते, एमसीबी गप्प राहते, सॉकेट मात्र पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि जळका वास येतो. अमेरिकेत १९६५ ते ७३च्या सुमारास लाखो घरांमध्ये ॲल्युमिनियम वायरिंग झालं होतं. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पाहणीत, १९७२च्या आधीच्या अशा घरांमध्ये एखादा जोड आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट निघाली. हा आकडा लागलेल्या आगींचा नाही, तापलेल्या जोडांचा आहे. अनेक लेखांत तो आगींचा म्हणून फिरतो, म्हणून सांगितलं.

तेव्हा घरात जुनं ॲल्युमिनियम असेल तर सगळ्यांत वाईट उपाय म्हणजे त्याला तांब्याची वायर पीळ मारून जोडणं आणि वर टेप गुंडाळणं. नवा एसी किंवा गीझर बसवताना हेच होतं, कारण जुनी वायर बोर्डापर्यंत पुरत नाही आणि बहुतेकदा वाकवून वाकवून तुटलेली असते. वायरिंग बदलणं शक्य नसेल तर निदान गीझर, एसी, इस्त्री आणि मायक्रोवेव्हची सर्किटं थेट डीबीपासून नवीन तांब्याची ओढून घ्यावीत आणि जुन्या तारांवर फक्त दिवे-पंखे ठेवावेत. भिंतीतला पाइप मोकळा असेल तर जुनी तार बाहेर ओढताना तिलाच नवी बांधून आत घेता येते. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे. पण वायर विकत घेण्याचं काम आपलं असतं, आणि तिथेच आपण सर्वांत जास्त फसतो.

‘दीडची वायर’ म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दीड हे फक्त नाव आहे. वायरीतल्या धातूसाठीचं भारतीय मानक आयएस ८१३० छेद मोजतच नाही, ते रोध मोजतं. अनेक बारीक तारांच्या लवचीक दीडच्या वायरीसाठी अट अशी, की २० अंश सेल्सियसला एका किलोमीटरचा रोध १३.३ ओहमपेक्षा जास्त नको. अडीचला ही मर्यादा ७.९८ आहे, एकला १९.५. पूर्ण दीड चौरस मिलिमीटर शुद्ध तांबं घातलं तर रोध साडेअकराच्या आसपास येतो. म्हणजे मर्यादा पाळूनही तांबं थोडं कमी घालायला जागा उरते. चांगल्या कंपन्याही ती वापरतात आणि त्यात बेकायदा काही नाही. फसवणूक सुरू होते ती या रेषेच्या खाली.

रेषा कुठे आहे हे ग्रॅममध्ये काढता येतं. तांब्याची घनता आणि वीजवाहकता दोन्ही ठरलेल्या आहेत. त्यामुळे १३.३ ओहमच्या आत राहायचं तर एका मीटरमध्ये साधारण १२ ग्रॅम तांबं लागतंच. तारांना किती पीळ दिला आहे आणि तांबं किती शुद्ध आहे यावर आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण ११च्या खाली तो जाऊच शकत नाही. तितक्या कमी तांब्यात तेवढा रोध कोणत्याही कारखान्याला साधणार नाही. याच हिशोबाने एकच्या वायरीत मीटरमागे साधारण ८ ग्रॅम आणि अडीचच्या वायरीत २० ग्रॅम हवं. आठ, बारा, वीस. एवढे तीन आकडे लक्षात ठेवले तरी दुकानात उपयोगी पडतात. पूर्ण जाडीच्या तारा असतील तर दीडच्या वायरीत साडेतेरा-चौदा ग्रॅमपर्यंतही भरतं, पण तसं क्वचित.

आता मोजायचं कसं. सगळी खरेदी एकदम करू नये. आधी एकच कॉइल घ्यावी, किंवा दुकानदार त्याच कंपनीची सुटी वायर मीटरवर देत असेल तर एक मीटर घ्यावी. पट्टीवर ताणून नेमकी एक मीटर कापावी. इथे एक सेंटिमीटर चुकला तर वजनात एक टक्का चुकतो, तेवढं चालतं. मग वायर स्ट्रिपरने थोडं थोडं करून पूर्ण आवरण काढावं, एकही बारीक तार तुटून हरवता कामा नये. राहिलेल्या तारांची गुंडाळी सोनाराच्या काट्यावर ठेवावी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे चालत नाही, तो एकेक ग्रॅमने पुढे जातो आणि आपल्याला फरक बघायचा आहे तोच एक-दोन ग्रॅमचा. ओळखीचा सोनार फुकट तोलून देतो, वर हे काय चाललंय म्हणून हसतोही. आवरण वेगळं तोलावं. दीडच्या वायरीत ते मीटरला साधारण सात-आठ ग्रॅम भरतं, म्हणजे अख्खी वायर मीटरला १९-२० ग्रॅम.

समजा, तारा १२.२ ग्रॅम भरल्या आणि आवरण ७.३, एकूण साडेएकोणीस. आता डबा बाजूला ठेवून अख्खी कॉइल तोलायची. इथे किराणा दुकानातला काटाही पुरतो. ९० मीटर असतील तर वजन १ किलो ७५५ ग्रॅम यायला हवं. दीड किलोच भरलं तर वायर ७७ मीटरच आहे, म्हणजे तेरा मीटर आपण पैसे देऊन सोडले. अनेक कंपन्या हल्ली वायरीवरच दर मीटरला आकडा छापतात, त्यामुळे लांबी तपासणं सोपं झालं आहे. पण आकडे छापलेत म्हणजे ते खऱ्या मीटरवरच आहेत असं नाही, टेप लावून दहा आकड्यांमधलं अंतर एकदा बघावं.

काही वायरमन मल्टिमीटर लावून कॉइलच्या दोन टोकांमधला रोध बघतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ९० मीटरच्या दीडच्या कॉइलचा रोध २० अंशाला जास्तीत जास्त १.२ ओहम हवा. आपल्याकडच्या ३० अंशाच्या हवेत तो चार टक्क्यांनी वाढून १.२५ धरावा. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, म्हणून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा लागतो. हे सगळं नीट केलं तरी कॉइल फसवू शकते. समजा, वायरीत मीटरमागे १२ ऐवजी १० ग्रॅमच तांबं आहे. तिचा किलोमीटरचा रोध जवळपास १६ ओहम होतो, म्हणजे ती नापास. पण कॉइल ९० ऐवजी ७५ मीटरची असेल तर दोन टोकांमध्ये नेमके १.२ ओहमच दिसतात. बारीक तार आणि कमी लांबी या दोन्ही खोट्या एकमेकींना झाकतात. आत तांबं १०८० ग्रॅमच्या जागी ७५० ग्रॅम. म्हणून मीटरचं वजन आणि कॉइलचं वजन आधी, रोध नंतर. रोध मोजायचा तो वेगळ्याच कारणासाठी. वजन बरोबर भरूनही रोध जास्त आला तर तांबं अशुद्ध आहे, बहुधा भंगारातून नीट शुद्ध न करता ओढलेलं. हे वजनात पकडता येत नाही.

तारा मोजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दीडच्या वायरीत ०.३ मिलिमीटरच्या २२ किंवा ०.२५च्या ३० तारा असं सापडतं. पण मोजणीला फारसा अर्थ नाही. २२ तारा पुऱ्या आहेत, फक्त प्रत्येकीचा व्यास ०.३० ऐवजी ०.२७ आहे, असं केलं तर डोळ्याला काही कळत नाही आणि तांबं १९ टक्के कमी होतं. एका तारेच्या व्यासासाठी मायक्रोमीटर हवा. काटा तो प्रश्न एका झटक्यात सोडवतो.

बाहेरची जाडीही फसवी. दीडच्या वायरीवरचं आवरण साधारण ०.७ मिलिमीटर हवं आणि पूर्ण वायर तीन मिलिमीटरच्या आसपास. तांबं कमी केलेल्या वायरीवर पीव्हीसी जास्त चढवतात, वायर हातात भरगच्च लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. त्या पीव्हीसीत खडूची पूड भरपूर मिसळलेली असते, कारण ती पीव्हीसीपेक्षा स्वस्त आहे आणि जड आहे. असं आवरण घट्ट वाकवलं की वाकलेल्या जागी पांढरं पडतं आणि नखाने ओरखडलं की पांढुरकी रेघ उमटते. चांगलं आवरण वाकतं, रंग बदलत नाही, आणि सोलताना एका तुकड्यात, स्वच्छ निघतं. तारांना ते चिकटून आलं किंवा तारा काळपट, चिकट दिसल्या तर ती कॉइल परत करावी. तारा बोटांनी वाकवून पाहाव्यात. नीट तापवून मऊ केलेलं तांबं जिथे वाकवलं तिथे राहतं, कडक तार उसळून परत येते आणि दोन-चार वेळा वाकवल्यावर तुटते.

सगळ्यांत मोठी लबाडी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. बाहेरून हुबेहूब तांबं. मुलामा छेदाच्या १५ टक्के असेल तर अशी तार तांब्याच्या चाळीस टक्केच भरते, म्हणजे दीडच्या वायरीत पाच-सहा ग्रॅम. काट्यावर ती लगेच उघडी पडते. काटा नसेल तर एक बारीक तार चाकूने खरवडावी किंवा कापलेल्या टोकाकडे भिंगातून बघावं, आत चंदेरी दिसतं. किंवा एक सुटी तार चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत धरावी. तांबं १०८५ अंशाला वितळतं, ते लाल होऊन काळं पडतं आणि तसंच राहतं. ॲल्युमिनियम ६६० अंशालाच वितळतं, त्यामुळे ती तार लवते, तुटते, टोकाला गोळी होते. उलट फसगतही होते. कलई केलेलं तांबं बाहेरून चंदेरी दिसतं, पण खरवडलं की आत लाल असतं. ती वायर चांगली. लोहचुंबक लावून बघण्याचा काही उपयोग नाही, तो तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही.

डब्यावरच्या जाहिरातीतली दोन वाक्यं मी सरळ सोडून देतो. एक, ‘९९.९७ टक्के शुद्ध तांबं’. विजेच्या तांब्याला शुद्ध असावंच लागतं, आणि शुद्ध तांबंही कमी घालता येतं. दुसरं, ‘१०० टक्क्यांहून अधिक वीजवाहकता’. हे खोटं नाही, गंमत आहे. तांब्याच्या वीजवाहकतेचं आंतरराष्ट्रीय माप १९१३ साली ठरलं आणि त्या काळचं चांगलं तांबं म्हणजे शंभर धरलं. आजचं तांबं त्याहून एखादा टक्का सरस निघतं, एवढाच त्याचा अर्थ.

‘एफआर’, ‘एफआरएलएस’ या अक्षरांना मात्र अर्थ आहे. एफआर म्हणजे ज्योत दूर केल्यावर आवरण जळत राहत नाही. एफआरएलएस जळताना धूर आणि आम्लाची वाफ कमी सोडतं. त्याच्याही वरची हॅलोजनविरहित वायर येते, तिचं मानक वेगळं, आयएस १७०४८. दोन खोल्यांच्या घरात एफआर चालते. एकच जिना असलेल्या उंच इमारतीत एफआरएलएसचे थोडे जास्त पैसे द्यावेत, कारण आगीत माणसं बहुधा धुराने गुदमरतात.

आयएसआय चिन्ह हा शेवटचा पुरावा नाही, पण पहिली चाळणी आहे. २००३च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार पीव्हीसी वायर या चिन्हाशिवाय विकताच येत नाही. चिन्हाच्या वर ‘आयएस ६९४’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो BIS Care या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसतं. नाव किंवा पत्ता डब्यावरच्या मजकुराशी जुळला नाही, तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

कॉइल ठरली की रंग. आपल्याकडे घरातल्या सिंगल फेजमध्ये फेजला लाल, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा, किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा. थ्री फेज असेल तर तीन फेज लाल, पिवळा आणि निळा, ज्याला वायरमन ‘आर-वाय-बी’ म्हणतात. नियम इतका सोपा असून मोडला जातो, त्याचं कारण पैशाचं आहे. कॉइल ९० मीटरची आणि हिरवी वायर लागते त्याहून कमी, म्हणून हिरवी कॉइल घेतलीच जात नाही आणि उरलेली पिवळी किंवा काळी अर्थिंगला लावली जाते. वायर आपण आणणार असू तर हिरवी यादीत सर्वांत आधी लिहावी. अख्खी नको असेल तर मीटरवर घ्यावी. हिरवी उरली म्हणून तिला स्विचची परतीची वायर करणं त्याहून धोक्याचं. पुढचा माणूस तिला अर्थिंग समजून हात लावतो आणि स्विच चालू असेल तर तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट असतात.

निळ्या रंगाचा घोळ वेगळा आहे. भिंतीतल्या थ्री फेज वायरिंगमध्ये निळी म्हणजे जिवंत फेज. वॉशिंग मशिनच्या किंवा मिक्सरच्या पिनमध्ये मात्र तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, कारण उपकरणांच्या केबली आंतरराष्ट्रीय पद्धतीने येतात. एकाच घरात एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ. ब्रिटनमध्येही पूर्वी आपल्यासारखंच लाल-काळं होतं, त्यांनी २००४ पासून तपकिरी-निळं आणलं. अमेरिकेत तर काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. पुण्या-मुंबईत हाताने पंखा जोडायला शिकलेला माणूस न्यू जर्सीत गेल्यावर काळ्या वायरीला निर्धास्त हात लावायला गेला तर त्याचं काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून रंग बघून वायर ओळखायची, पण हात लावायचा तो टेस्टरने तपासूनच. काम संपल्यावर एक गोष्ट आपण स्वतः पाहू शकतो. दिव्याचा स्विच बंद करून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून बघायला वायरमनला सांगावं. बंद स्विचवरही टेस्टर पेटला, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये लागला आहे. दिवा तेव्हाही नीट लागतो आणि विझतो, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षं कळत नाही. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ती कळते.

बिल घेताना त्यावर कंपनी, आकार, रंग आणि कॉइलींची संख्या लिहून घ्यावी, नुसतं ‘इलेक्ट्रिक माल’ नको. कापलेली, सोललेली एक मीटर तार आणि डब्याचं परवाना क्रमांक असलेलं झाकण एका पाकिटात ठेवावं. वजन कमी भरलं तर दुकानदाराशी बोलताना तेच पुढे करायचं, आणि तो ऐकेना तर त्याच BIS Care ॲपवर तक्रार करतानाही तेच लागतं. उरलेल्या कॉइली मात्र पहिली काट्यावर उतरल्यानंतरच आणाव्यात, कारण पाइपात ओढलेली वायर कोणी परत घेत नाही.